आभासी यदृच्छ संख्या : एकघाती समशेष नियम

एखाद्या निश्चित गणिती नियमाने एकीमागून एक काढलेल्या, परंतु वरवर पाहता फाशाच्या दानांप्रमाणे अनियमित भासणाऱ्या संख्यांना ‘आभासी यदृच्छ संख्या’ म्हणतात. नियम व पहिली संख्या ठाऊक असल्यास पुढील सर्व संख्या अगोदरच ठरलेल्या असतात. म्हणून त्यांची यदृच्छता हा केवळ आभास होय. अशा संख्या काढण्याच्या पद्धतींपैकी सर्वांत जास्त वापरली गेलेली आणि गणिती दृष्ट्या सर्वांत नीट समजलेली पद्धत म्हणजे एकघाती समशेष नियम. हातातील संख्येला एका ठराविक संख्येने गुणावे, त्यात दुसरी ठराविक संख्या मिळवावी आणि आलेल्या बेरजेला तिसऱ्या ठराविक संख्येने भागून जी बाकी उरेल ती पुढील संख्या मानावी, एवढाच हा नियम आहे. सूत्ररूपाने,

नवी संख्या = (अ × जुनी संख्या + क) ला म ने भागून उरलेली बाकी.

येथे अ ला गुणक, क ला बेरीज-पद व म ला मापांक म्हणतात. ज्या संख्येपासून सुरुवात करावयाची तिला बीज म्हणतात. बाकी ० पासून म – १ पर्यंतच असू शकते. त्यामुळे फार तर म पायऱ्यांनंतर पूर्वी येऊन गेलेली एखादी संख्या पुन्हा येतेच. आणि ती आली की पुढील सर्व मालिका जशीच्या तशी पुन्हा सुरू होते. पुनरावृत्तीपूर्वी जेवढ्या पायऱ्या होतात तिला मालिकेचा आवर्त म्हणतात. गुणक आणि मापांक यांच्या निवडीवर हा आवर्त कसा अवलंबून असतो, ही या पद्धतीच्या इतिहासातील मध्यवर्ती गोष्ट आहे. आवर्त लांब असला म्हणजे काम भागले असे मात्र नाही. हे कळण्यास सुमारे वीस वर्षे लागली, आणि तोपर्यंत एक सदोष गुणक जगभरच्या संगणकांवर पसरला होता.

वर्गमध्य पद्धत : दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस ॲलॅमॉस येथे स्टॅनिस्लॉ उलाम, जॉन फोन नॉयमान व निकोलस मेट्रोपोलिस यांनी मॉन्टे कार्लो पद्धत वापरात आणली. अणुगर्भीय द्रव्यातून जाणाऱ्या न्यूट्रॉनाचा प्रवास समीकरणे सोडवून न शोधता, त्याची प्रत्येक टक्कर जणू फासा टाकून ठरवावी व असे हजारो प्रवास मोजून सरासरी घ्यावी, अशी ही कल्पना होती. तिला यदृच्छ संख्यांचा मोठा पुरवठा लागे. छापील कोष्टके छिद्रित पत्रांवर उतरवून यंत्रात घालण्याचा मार्ग उपलब्ध होता. पण पत्रे वाचण्याची गती गणिताच्या गतीच्या मानाने फार मंद होती. संख्या यंत्रानेच जागच्या जागी तयार करणे सोईचे होते.

यासाठी फोन नॉयमान यांनी १९४६ च्या सुमारास एक साधी युक्ती सुचविली. चार अंकी संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, आलेल्या आठ अंकांपैकी मधले चार अंक म्हणजे पुढील संख्या. संख्या अनियमित दिसतात हे खरे. पण ही मालिका केव्हा कोणत्या खड्ड्यात पडेल ते सांगता येत नाही. ६१०० चा वर्ग ३७२१००००; मधले अंक २१००. त्यापासून ४१००, मग ८१०० आणि त्यापासून पुन्हा ६१००. चार संख्यांचा हा फेरा मग अखंड चालू राहतो. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४ असल्याने ती संख्या आली की यंत्र तिलाच कायम धरून बसते. फोन नॉयमान यांना हे दोष माहीत होते. वर्ग करून मधले अंक उचलणे या क्रियेला सोयीचे गणित नाही; त्यामुळे आवर्त किती हे प्रत्यक्ष मालिका चालवून पाहिल्याखेरीज कळण्याचा उपाय नव्हता.

लेमर यांचा नियम : अमेरिकन गणितज्ञ डेरिक हेन्री लेमर हे संख्या सिद्धांताचे अभ्यासक. एनिॲक या पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनीय गणकयंत्राशी त्यांचा १९४५-४६ मध्ये निकटचा संबंध आला होता. सप्टेंबर १९४९ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठात भरलेल्या परिषदेत त्यांनी वर्गमध्य पद्धतीऐवजी एक वेगळा नियम मांडला. तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बेरीज-पद शून्य होते, गुणक २३ आणि मापांक १०,००,००,००१ होता.

हे आकडे मनमानीने घेतलेले नव्हते. एनिॲक दशमान अंकांत काम करीत असे. आठ अंकी संख्येला २३ ने गुणले तर गुणाकार फार तर दहा अंकी होतो. १०,००,००,००१ ने भागताना भागाकाराची खटपटच करावी लागत नाही. गुणाकाराचे डावीकडील दोन अंक तोडून ते उरलेल्या आठ अंकी संख्येतून वजा केले की बाकी मिळते, कारण या मापांकाच्या हिशेबात १०,००,००,००० ही संख्या –१ च्या बरोबरीची ठरते. उदा., ४,७५,९४,११८ ही संख्या घेतल्यास तिची २३ पट १,०९,४६,६४,७१४ होते. डावीकडील १० तोडून ९,४६,६४,७१४ मधून वजा केले की ९,४६,६४,७०४ ही पुढील संख्या मिळाली. (वजाबाकी ऋण आली तर मापांक एकदा मिळवावा.) एक गुणाकार व एक वजाबाकी, एवढ्यात काम होते.

लेमर यांच्या नियमाचे खरे वैशिष्ट्य मात्र याच्या पलीकडे आहे. या मालिकेचा आवर्त किती, हे ती न चालविता सांगता येते. त्यामागील तत्त्व शाळेत आवर्ती दशांश अपूर्णांक शिकलेल्या प्रत्येकाने अप्रत्यक्षपणे पाहिलेले असते. १ ला ७ ने भागताना क्रमाने १, ३, २, ६, ४, ५ या बाक्या राहतात व पुन्हा १ येतो. प्रत्येक वेळी बाकीवर शून्य देणे म्हणजे तिला १० ने गुणणे होय. म्हणजे ही गुणक १० व मापांक ७ असलेली लेमर यांच्या धर्तीचीच मालिका झाली, आणि तिचा आवर्त ६ आहे. १ ला १३ ने भागल्यास बाक्या १, १०, ९, १२, ३, ४ अशा येतात व आवर्त पुन्हा ६ च भरतो, जरी १३ पेक्षा लहान बाक्या बारा आहेत. १३ हाच मापांक ठेवून गुणक १० ऐवजी २ घेतला, तर १, २, ४, ८, ३, ६, १२, ११, ९, ५, १०, ७ अशा बाराही बाक्या येऊन जातात. मापांक अविभाज्य असेल तर आवर्त हा त्या मापांकाहून एकाने लहान असलेल्या संख्येचा विभाजकच असतो, असे सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ प्येअर द फेर्मा यांच्या प्रमेयावरून निघते. पूर्ण आवर्त देणाऱ्या गुणकाला त्या मापांकाचे आद्य मूळ म्हणतात. म्हणून १३ साठी २ हे आद्य मूळ आहे, १० नाही.

लेमर यांचा मापांक अविभाज्य नाही. तो १७ × ५८,८२,३५३ असा फुटतो व हे दोन्ही अवयव अविभाज्य आहेत. १७ च्या हिशेबात आवर्त जास्तीत जास्त १६ आणि दुसऱ्या अवयवाच्या हिशेबात जास्तीत जास्त ५८,८२,३५२ असू शकतो. दोन्ही फेरे एकाच वेळी पुरे होण्यास त्यांच्या लघुतम साधारण विभाज्याइतक्या पायऱ्या लागतात. परंतु ५८,८२,३५२ ला १६ ने निःशेष भाग जात असल्याने हे विभाज्यही ५८,८२,३५२ च ठरते. २३ हा गुणक नेमका एवढाच आवर्त देतो. या मापांकापासून याहून अधिक काढणे कोणत्याही गुणकाला शक्य नाही. अठ्ठावन्न-एकोणसाठ लाख संख्या ही त्या काळच्या यंत्रांना भरपूर वाटावी अशी शिदोरी होती, आणि ती मध्येच संपणार नाही याची हमी प्रथमच मिळाली होती.

बेरीज-पद आणि हल-डोबेल प्रमेय : पुढे आलेले संगणक द्विमान पद्धतीने, म्हणजे ० व १ या दोनच अंकांनी, चालणारे होते. अशा यंत्रात मापांक २ चा एखादा घात घेतला की भागाकार करावाच लागत नाही. गुणाकाराचे वरचे अंक नोंदवहीत मावत नसल्याने आपोआप गळून पडतात व उरते ती बाकी. ही सोय एवढी मोहक होती की मापांक बहुधा २³¹, २³² किंवा २³⁵ असाच निवडला जाऊ लागला. पण बेरीज-पद शून्य ठेवल्यास या मापांकांतून पूर्ण आवर्त मिळत नाही. बीज विषम घेऊन व गुणकाला ८ ने भागले असता बाकी ३ किंवा ५ उरेल असा तो निवडूनही मापांकाचा फक्त चौथा हिस्साच पदरी पडतो. मापांक १६ व गुणक ५ घेतल्यास १, ५, ९, १३ येऊन फेरा संपतो. गुणक ७ घेतल्यास १ व ७ याच दोन संख्या आलटूनपालटून येतात.

शून्याऐवजी खरोखरीचे बेरीज-पद घेण्याची कल्पना १९६० च्या सुमारास रूढ झाली आणि टी. ई. हल व ए. आर. डोबेल यांनी १९६२ मध्ये पूर्ण आवर्ताची नेमकी कसोटी सिद्ध केली. ती अशी : बेरीज-पद व मापांक यांना १ खेरीज समाईक विभाजक नसावा, मापांकाचा प्रत्येक अविभाज्य अवयव हा ‘गुणक वजा १’ या संख्येचाही विभाजक असावा, आणि मापांकाला ४ ने भाग जात असेल तर ‘गुणक वजा १’ ला देखील ४ ने भाग जावा. या तिन्ही अटी पाळल्या तर बीज कोणतेही असो, ० पासून म – १ पर्यंतची प्रत्येक संख्या एका फेऱ्यात एकदाच येते. एकही अट मोडली तर पूर्ण आवर्त मिळत नाही.

अटी कृत्रिम वाटतात, पण मापांक १६ घेऊन कागदावर पाहिले की त्यांची गरज पटते. गुणक ५ व बेरीज-पद ३ घेऊ. ५ – १ = ४ ला २ ने व ४ ने भाग जातो, आणि ३ व १६ यांना समाईक विभाजक नाही. ० पासून सुरुवात केल्यास मालिका अशी येते : ०, ३, २, १३, ४, ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९ आणि पुन्हा ०. सोळाही संख्या आल्या. आता बेरीज-पद ३ ऐवजी २ करू. मालिका ०, २, १२, १४, ८, १०, ४, ६ अशी येऊन पुन्हा ० वर येते. सम संख्येला ५ ने गुणून २ मिळविले तर सम संख्याच मिळणार, त्यामुळे विषम संख्यांचे दार बंदच राहते. गुणक ६ व बेरीज-पद ३ घेतल्यास दुसरी अट मोडते : ०, ३, ५, १, ९ आणि त्यापुढे ९ च ९. कारण असे, की ‘गुणक वजा १’ ला २ ने भाग जात नसेल तर २ च्या हिशेबात बाकीचा एक वर्ग असा निघतो की जो नियम लावूनही जागचा हलत नाही; येथे तो विषम संख्यांचा वर्ग आहे. मालिका त्यात शिरली की बाहेर पडत नाही, आणि मग सगळ्या संख्या येण्याचा प्रश्नच उरत नाही. हेच कारण इतर अविभाज्य अवयवांनाही लागू पडते. तिसरी अट मोडण्यासाठी गुणक ७ व बेरीज-पद ३ घ्यावे. ०, ३, ८, ११ आणि पुन्हा ०. आवर्त केवळ चार. या संख्यांना ४ ने भागल्यास बाक्या ०, ३, ०, ३ येतात. दर दोन पायऱ्यांनी ४ च्या हिशेबातील बाकी मूळपदावर येते, १ व २ या बाक्यांना वावच मिळत नाही.

याच छोट्या मालिकेत एक दुखणेही दिसते व ते २ चा घात हा मापांक असलेल्या प्रत्येक नियमाला जडलेले आहे. पूर्ण आवर्ताची मालिका पुन्हा वाचली तर सम, विषम, सम, विषम असा क्रम तंतोतंत आढळतो. ४ ने भागून उरणाऱ्या बाक्या ०, ३, २, १ अशा चारांच्या फेऱ्याने येतात. मापांक १६ ऐवजी २³¹ घेतला तरी शेवटचा द्विमान अंक दोनांच्या फेऱ्याने व शेवटचे दोन अंक चारांच्या फेऱ्यानेच फिरत राहतात. पूर्ण लांबीचा आवर्त लाभतो तो फक्त सर्वांत वरच्या अंकाला. संख्या सम असल्यास छापा व विषम असल्यास काटा, असे ठरवून कोणी नाणेफेकीची नक्कल केली तर त्याला छापा-काटा-छापा-काटा असा निकाल मिळेल व प्रत्येकी निम्मे दान पाहून तो कदाचित समाधानीही होईल. म्हणून अशा संख्येचे खालचे अंक टाकून वरचेच वापरावेत असा दंडक पडला. सी या संगणक-भाषेच्या १९८९ च्या अमेरिकन मानकात नमुन्यादाखल दिलेल्या नियमात गुणक १,१०,३५,१५,२४५ व बेरीज-पद १२,३४५ आहे. बेरीज-पद विषम आहे आणि गुणकातून १ वजा केल्यास ४ ने भाग जातो, म्हणजे हल-डोबेल अटी पाळलेल्या आहेत. शिवाय उत्तर देताना खालचे सोळा द्विमान अंक सरळ टाकून दिले आहेत.

रँडूचे प्रकरण : आवर्ताचा प्रश्न असा सुटल्यावर उरलेले काम किरकोळ आहे अशी समजूत होणे साहजिक होते. तिचा परिणाम आय.बी.एम. कंपनीच्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेसाठी १९६० नंतरच्या दशकात पुरविलेल्या शास्त्रीय उपकार्यक्रमांच्या संग्रहात दिसतो. त्यातील RANDU (रँडू) या उपकार्यक्रमात बेरीज-पद शून्य, मापांक २³¹ व गुणक ६५,५३९ होता. ६५,५३९ म्हणजे २¹⁶ + ३. द्विमान यंत्रात या संख्येने गुणणे म्हणजे अंक सोळा घरे सरकविणे व थोडी बेरीज करणे, एवढेच. तिला ८ ने भागले असता बाकी ३ उरते. म्हणून बीज विषम असल्यास आवर्त शक्य तेवढा मोठा, म्हणजे २²⁹ किंवा ५३,६८,७०,९१२ भरतो. लेमर यांच्या आवर्ताच्या हा नव्वदपटीहून अधिक. एकेक संख्या पाहिली तर ती ० ते १ या अंतरात (मापांकाने भागल्यावर) सारखी पसरलेली दिसे, आणि लागोपाठच्या जोड्याही वाईट दिसत नसत. हा उपकार्यक्रम इतर यंत्रांसाठीही उतरवून घेतला गेला.

दोष तिनांच्या गटात होता आणि तो शोधण्यास संगणकाची गरज नाही. ६५,५३९ चा वर्ग करू : (२¹⁶ + ३)² = २³² + ६ × २¹⁶ + ९. यातील २³² ला मापांक २³¹ ने निःशेष भाग जातो, तेव्हा ते पद गळाले. २¹⁶ च्या जागी ‘गुणक वजा ३’ लिहिल्यास उरते ६ × गुणक – १८ + ९, म्हणजे ६ × गुणक – ९. दोन पायऱ्या पुढची संख्या मिळविण्यासाठी मूळ संख्येला गुणकाच्या वर्गाने गुणावे लागते. म्हणून प्रत्येक संख्या ही आदल्या संख्येची सहापट वजा त्याआधीच्या संख्येची नऊपट असते (मापांकाच्या हिशेबात). बीज १ घेऊन पडताळा पाहता येतो. दुसरी संख्या ६५,५३९; तिसरी ६ × ६५,५३९ – ९ × १ = ३,९३,२२५; चौथी ६ × ३,९३,२२५ – ९ × ६५,५३९ = १७,६९,४९९. मूळ नियमाने गुणाकार करूनही याच संख्या येतात.

याचा भूमितीय अर्थ असा. लागोपाठच्या तीन संख्यांना मापांकाने भागून त्यांना घनातील एका बिंदूचे तीन सहनिर्देशक मानावे. तिसरा सहनिर्देशक वजा दुसऱ्याची सहापट अधिक पहिल्याची नऊपट, ही राशी वरील संबंधामुळे पूर्णांकच असली पाहिजे. सहनिर्देशक ० व १ यांच्या दरम्यान असल्याने ती –६ पेक्षा मोठी व १० पेक्षा लहान असते; म्हणजे –५ पासून ९ पर्यंतचे पंधराच पूर्णांक शक्य आहेत. प्रत्येक पूर्णांकाला घनात एक प्रतल येते. त्रेपन्न कोटींहून अधिक बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू या पंधरा समांतर प्रतलांपैकी एकावर पडतो व मधल्या जागा पूर्णपणे रिकाम्या राहतात. लगतच्या दोन प्रतलांमधील अंतर १/√११८, म्हणजे घनाच्या बाजूच्या सु. ०·०९२ पट आहे. या प्रतलांच्या मध्ये ०·०९ जाडीचा एखादा पापुद्रा कल्पून त्याचे घनफळ मॉन्टे कार्लो पद्धतीने मोजण्यास निघालेल्या संशोधकाला कितीही बिंदू टाकले तरी उत्तर शून्यच मिळेल. बिंदू वाढवून ते सुधारणार नाही, आणि चुकीची कोणतीही खूण यंत्र देणार नाही. बिंदूंचे चित्र घनाच्या बाजूंच्या दिशेने पाहिले तर ते निर्दोष दिसते. घन विशिष्ट कोनातून फिरवून पाहिला तरच पाट्यांसारखी रचना डोळ्यात भरते.

जॉर्ज मार्सालिया यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, की हा दोष कमीअधिक प्रमाणात लेमर यांच्या धर्तीच्या सर्वच नियमांत असतो. बेरीज-पद घेतल्यानेही तो टळत नाही. तिनांचे गट घेतल्यास बिंदू फार तर मापांकाच्या सहापटीच्या घनमुळाइतक्या प्रतलांवर बसतात. मापांक २³¹ असल्यास ही मर्यादा सु. २,३४४ येते. तेव्हा प्रतले असणे हा रँडूचा खास अपराध नव्हे. जेथे दोन हजारांवर प्रतलांना वाव होता तेथे पंधरावर भागविणे, हा त्याचा अपराध होता. आणि तो सर्वस्वी गुणकाच्या निवडीचा होता, मापांकाचा नव्हे. दोन गुणक सारखाच आवर्त देतात म्हणून ते सारखेच चांगले ठरत नाहीत, हे यातून स्पष्ट झाले. प्रतलांमधील अंतर मोजून गुणकाची परीक्षा करण्याची वर्णपटीय कसोटी आर. आर. कव्हेयू व आर. डी. मॅक्फर्सन यांनी १९६७ मध्येच मांडली होती. डॉनल्ड क्नूथ यांच्या १९६९ च्या ग्रंथामुळे ती सर्वपरिचित झाली. आवर्त ही प्रवेशाची अट आणि ही कसोटी निवडीची, असा क्रम त्यानंतर मानला जाऊ लागला. प्रस्तुत लेखकाच्या मते हल-डोबेल प्रमेयाच्या निखळ स्वरूपामुळेच दुसऱ्या प्रश्नाकडे इतका काळ डोळेझाक झाली. जे पूर्णपणे सिद्ध करता आले तेच पुरेसे मानले गेले.

अविभाज्य मापांकाकडे परत : २³¹ पेक्षा एकाने लहान असलेली २,१४,७४,८३,६४७ ही संख्या अविभाज्य आहे, हे लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले होते. ती ३२ अंकी द्विमान यंत्राला अगदी बेताची असल्याने मापांक म्हणून तिच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. पी. ए. डब्ल्यू. लुइस, ए. एस. गुडमन व जे. एम. मिलर यांनी १९६९ मध्ये सिस्टिम/३६० साठीच हा मापांक व १६,८०७ हा गुणक असलेला नियम प्रसिद्ध केला; बेरीज-पद शून्य. १६,८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. ७ हे या मापांकाचे आद्य मूळ आहे, आणि त्याचा पाचवा घातही आद्य मूळ राहतो. कारण मापांक वजा १ या संख्येचे अविभाज्य अवयव २, ३, ७, ११, ३१, १५१ व ३३१ आहेत आणि त्यांत ५ नाही. म्हणून शून्य सोडून उरलेल्या २,१४,७४,८३,६४६ संख्या एकाच फेऱ्यात येतात. खालच्या अंकांचे लहान फेरे येथे नाहीत. किंमत एवढीच, की बाकी आपोआप मिळत नाही आणि गुणाकार ३२ अंकांत मावत नाही. एल. श्रेज यांनी १९७९ मध्ये मापांक १६,८०७ × १,२७,७७३ + २,८३६ असा फोडून गुणाकार दोन तुकड्यांत करण्याची रीत दिली, तेव्हा हा नियम कोणत्याही यंत्रावर चालविणे सुकर झाले.

स्टीफन पार्क व कीथ मिलर यांनी १९८८ मध्ये प्रचलित पाठ्यपुस्तकांतील व संगणकांवरील नियमांची झाडाझडती घेतली. त्यांपैकी अनेक त्यांना सदोष आढळले. निदान एवढे तरी असावे, असा किमान आदर्श म्हणून त्यांनी १६,८०७ चाच नियम पुढे केला. कार्यक्रम बरोबर लिहिला आहे की नाही याची त्यांनी सुचविलेली परीक्षा सोपी आहे : बीज १ घेऊन नियम दहा हजार वेळा लावावा, उत्तर १,०४,३६,१८,०६५ आले पाहिजे. गुणाकार कोठे तरी नोंदवहीबाहेर सांडत असेल तर ते येत नाही. पुढे त्यांनीच वर्णपटीय कसोटीत अधिक सरस ठरणारा ४८,२७१ हा गुणक सुचविला. त्याचाही आवर्त तेवढाच आहे.

मर्यादा : दोनशे कोटींचा आवर्त १९६९ मध्ये अमर्याद वाटत असे. आजचा साधा संगणक तो काही सेकंदांत संपवितो. दीर्घ गणनेत आवर्ताचा अल्प भागच वापरावा, हा सावधगिरीचा नियम पाळायचा तर ३२ द्विमान अंकांचा मापांक आता गंभीर कामास अपुरा आहे. त्यामुळे भौतिकी व सांख्यिकीतील गणनांत हळूहळू इतर पद्धती आल्या. त्यांपैकी माकोतो मात्सुमोतो व ताकुजी निशिमुरा यांची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत विशेष प्रचारात आली व तिचा आवर्त २¹⁹⁹³⁷ – १ एवढा आहे. गुप्तलेखनासाठी तर एकघाती समशेष नियम कोणत्याही मापांकाने वापरू नये, कारण मालिकेतील थोड्याच संख्या हाती आल्यास गुणक, बेरीज-पद व मापांक हे तिन्ही शोधून काढता येतात आणि मग पुढची प्रत्येक संख्या उघडी पडते. तरीही हा नियम मोडीत निघालेला नाही. जावा या संगणक-भाषेतील नेहमीचा संख्याजनक २⁴⁸ मापांक, २५,२१,४९,०३,९१७ गुणक व ११ बेरीज-पद घेऊनच चालतो आणि वरचे अंकच बाहेर देतो. मेलिसा ओनील यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या संख्याजनकांत आतील यंत्रणा ६४ किंवा १२८ द्विमान अंकांचा एकघाती समशेष नियम हीच असून, त्यातून निघालेली संख्या बाहेर देण्यापूर्वी तिचे अंक त्याच संख्येच्या वरच्या अंकांनुसार फिरवून विस्कटले जातात. आवर्ताची हमी हल-डोबेल प्रमेय देते आणि प्रतलांची रचना या विस्कटण्याने झाकली जाते.